फोटोतली अकरावी ओळ

मला जर्मन येत होतं, ही गोष्ट आमच्या कंपनीत बराच काळ कोणाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक झाली तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. पुण्यात संध्याकाळच्या वर्गात जाऊन मी ती भाषा शिकले होते. का शिकले, तर घरच्यांनी शिवणकामाच्या क्लासला घालायचं ठरवलं होतं आणि मला शिवणकामाचा मनापासून तिटकारा होता. पुढे लग्न होऊन पिंपरीला आले, संत तुकाराम नगरात बिऱ्हाड थाटलं आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत पत्रव्यवहाराच्या टेबलावर चिकटले. सत्तरच्या दशकाच्या शेवटाशेवटाची ही गोष्ट. कंपनी फार मोठी नव्हती, पण ऐट मोठीच्या वरताण होती.

त्या वर्षी कंपनीने एक जुना जर्मन प्रेस विकत घेतला. प्रेस म्हणजे पत्र्याला ठोकून आकार देणारं यंत्र. त्याचा वरचा जड लोखंडी ठोकळा वर-खाली होतो, त्याला सगळे रॅम म्हणत. खाली साचा, वर साचा, मध्ये पत्रा. मध्ये चुकून हात राहिला तर यंत्र पत्रा आणि हात यांत भेदभाव करत नाही. आमच्या पट्ट्यात बसमधून येता-जाता बोट नसलेले, पेर नसलेले हात दांडीला धरलेले दिसायचे, आणि ते कुठे गेलं हे कोणी कोणाला विचारायचं नाही.

हा प्रेस मुंबईच्या एका दलालाच्या गोदामात होता. तो बघायला आमचे परचेस ऑफिसर गेले. गोदामात यंत्राबरोबर त्याचं जर्मन पुस्तकही होतं. दलाल म्हणाला, यंत्राचे पैसे पुरे झाल्यावर पुस्तक पाठवतो. ऑफिसरांनी हुशारी केली. मेव्हण्याकडून आणलेला कॅमेरा जवळ होता, त्यांनी पुस्तकाचा फोटो काढायचं ठरवलं. पण रोलातले बाकीचे सगळे फोटो त्यांनी आदल्या आठवड्यात मुलाच्या वाढदिवसाला उडवले होते. एकच उरला होता. त्यांनी पुस्तक उघडलं, ब्रेक कसा लावायचा ते पान दलालाच्या माणसाने दाखवलं आणि त्यांनी खटका दाबला. पुढे यंत्र आलं, पुस्तक आलं नाही. दलालाने कळवलं की पुस्तक वाळवीने खाल्लं. वाळवीलाही जर्मन येत असावं.

तर तो फोटो माझ्या टेबलावर आला. वाढदिवसाच्या केकचे, फुग्यांचे, रडणाऱ्या बाळाचे फोटो आणि त्यांच्यात हे एक पान. पानाच्या बरोबर मध्यावर फ्लॅशचा पांढरा डाग. डावीकडे पुस्तक नीट न उघडल्यामुळे ओळी शिवणीच्या खाचेत वळून गेलेल्या. खालच्या कोपऱ्यात परचेस ऑफिसरांचा अंगठा, तो मात्र अगदी स्पष्ट. नखसुद्धा कापायला झालेलं कळत होतं.

"दोन दिवसांत मराठी करून द्या," वर्क्स मॅनेजर म्हणाले. त्यांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणे. गोरे, उंच, सदैव घाईत, आणि डब्यावर अतोनात प्रेम. त्यांचा चार खणांचा स्टीलचा डबा सासुरवाडीहून आलेला होता आणि दुपारचा भोंगा झाला की तो हातात घेऊन ते ज्या चालीने कॅन्टीनकडे निघत, त्या चालीने ते मीटिंगला कधी गेले नाहीत. "खंडेनवमीला मालक स्वतः येऊन नारळ फोडणार. त्याच्या आत प्रेस चालू झाला पाहिजे."

यंत्र उभं करायचं काम ज्याच्याकडे होतं तो फिटर चिखलीचा. पूर्वी घरची शेती होती, आता थोडी राहिली होती. अंगाने आडवा, बोलायला मोकळा. मराठी वाचायचा, बाकी कुठल्या भाषेचा त्याला उपयोग नव्हता. म्हणून भाषांतर मराठीत हवं होतं. ब्रेक उघडून बांधताना रॅमच्या सरकपट्ट्यांतली फट मापाच्या पातळ पत्तीने मोजायची होती, आणि ती खालून, साच्याच्या जागेत दोन्ही हात घालूनच मोजता येत होती. म्हणजे मी जे लिहीन ते वाचून त्याचे हात आत जाणार होते. हे मला पहिल्या दिवशीच कळलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

भिंग घेऊन मी बसले. जे दिसतं ते वाचायचं, यात काही विशेष नाही. खरी पंचाईत जे दिसत नाही त्याची. आणि त्याहून मोठी पंचाईत अशी, की जे दिसत नाही तेही डोकं परस्पर भरून टाकतं. वाक्याचा अर्धा भाग वाचला की उरलेला आपोआप जुळतो, मराठीत तो असा काही गुळगुळीत उतरतो की आपल्यालाच वाटतं, आपण हे वाचलं. वाचलेलं नसतं, रचलेलं असतं. कागदावर मात्र दोन्ही सारखंच दिसतं. वाचणाऱ्याने कसं ओळखावं?

म्हणून मी ओळींना आकडे घातले आणि प्रत्येक ओळीपुढे समासात एक खूण केली. बरोबरची खूण म्हणजे अक्षर न् अक्षर दिसलं, डोळे मिटून करा. नागमोडी रेघ म्हणजे सगळी अक्षरं दिसत नाहीत, पण जे दिसतं त्यावरून दुसरं काही असण्याचा संभव कमी. प्रश्नचिन्ह म्हणजे दोन अर्थ होऊ शकतात आणि कोणता ते फोटोवरून सांगता येत नाही. रिकामा चौकोन म्हणजे काहीच दिसत नाही, मीही काही लिहिलेलं नाही. जिथे अक्षरं स्पष्ट होती पण शब्दच मला येत नव्हता, तिथे मी शब्दाखाली रेघ ओढली. डोळ्याची शंका वेगळी आणि अकलेची वेगळी, दोन्ही एकत्र करून चालत नाही. डोळ्याच्या शंकेला चांगला फोटो लागतो, अकलेच्या शंकेला चांगला शब्दकोश.

आणि प्रत्येक प्रश्नचिन्हाखाली बारीक अक्षरात लिहिलं, काय दिसतं, काय असू शकतं आणि खात्री कशी करायची. उदाहरणार्थ तेल घालायची ओळ. "प्रत्येक पाळीपूर्वी" यातलं 'प्रत्येक' डागात गेलं होतं, पण दुसरं काय असणार? नागमोडी. ब्रेकच्या पट्ट्यातलं अंतर मात्र प्रश्नचिन्ह. तो आकडा तीन होता की आठ, हे भिंगातून पाहून पाहून डोळ्याला पाणी आलं तरी ठरेना. शब्दाला मदत करायला शेजारचे शब्द येतात, आकड्याच्या मदतीला कोणी येत नाही. तिथे मी लिहिलं, "तीन किंवा आठ. उघडण्यापूर्वी आत्ता असलेलं अंतर मोजून ठेवावं, तेच पुन्हा ठेवावं, जर्मनीतल्या कारखान्याला पत्राने विचारावं." शेवटच्या चौकोनापुढे लिहिलं, "येथे परचेस ऑफिसरांचा अंगठा आहे."

आणि मग अकरावी ओळ. "ब्रेक ढिला करण्यापूर्वी रॅम अमुक टोकाला आणून ठेवावा." हे अमुकच नेमकं डागात. वरचं आणि खालचं, या दोन्ही जर्मन शब्दांची शेपटी सारखीच असते, आणि मला फक्त शेपटी दिसत होती. मी कर्कटक घेऊन डागातली मोकळी जागा मोजली. वरचा शब्द आखूड, खालचा किंचित लांब. जागा दोघांच्या मध्ये कुठेतरी येत होती, कारण पानच वाकलेलं. मी भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि खाली लिहिलं, "वरच्या किंवा खालच्या. माहीत नाही. खात्री झाल्याशिवाय ब्रेकला आणि रॅमखाली हात लावू नये." 'माहीत नाही' खाली दोनदा रेघ ओढली.

कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी तो हातात धरला आणि त्यांचा चेहरा आंबट झाला.

"हे काय आहे?"

"भाषांतर."

"एवढी प्रश्नचिन्हं? बाई, तुम्हाला जर्मन येतं ना?"

"जर्मन येतं. फोटो येत नाही."

"अहो, पण मालकांना मी हे दाखवू कसं? ही परीक्षेची प्रश्नपत्रिका आहे की यंत्राचं पुस्तक?"

फिटरलाही ते पसंत पडलं नाही. त्याने कागद वरून खाली वाचला, डोकं खाजवलं. "बाई, आमाला ठाम सांगा की. करू का नको करू. ह्ये किंवा त्ये काय? तुमी शिकलेली मानसं, तुमीच न्हाई सांगणार तर कोन सांगणार?"

"मला दिसलंच नाही तर काय सांगू?"

"मंग अंदाजानं सांगा. तुमचा अंदाज बी आमच्यापरीस बरा."

हे असं सगळीकडे. माझ्या खुणांची गंमत कंपनीभर पसरली. कॅन्टीनच्या फळ्यावर कोणीतरी 'बटाटा भाजी' पुढे बरोबरची खूण, 'चहा' पुढे नागमोडी रेघ आणि 'मटार उसळ' पुढे प्रश्नचिन्ह काढलं. त्या दिवशी उसळीत मटार खरोखरच शोधावे लागले, त्यामुळे मला ते आवडलं. पण बायकांच्या बाजूला टायपिस्ट मला म्हणाली, "तुमचे मिस्टर घरी कधी येणार विचारलं तर तुम्ही काय सांगता, नागमोडी?" आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी हसले नाही. मी तशी विनोदाला दाद देणारी बाई आहे, पण स्वतःवरच्या नाही.

आता आमच्या कंपनीची एक रीत सांगितली पाहिजे. एखादा सुटा भाग मापात बसला नाही, म्हणजे अगदी केसभर इकडेतिकडे झाला, की तो टाकून द्यायचा नाही. त्याच्यासाठी एक चिठ्ठी असे, तिला डेव्हिएशन म्हणत. त्या चिठ्ठीवर साहेबांनी सही केली की तो भाग पास. केसभर फरकाने काही बिघडत नाही हे साहेब अनुभवाने जाणत, म्हणून ती रीत चालून जायची. पण वर्षानुवर्षं सही करून साहेबांच्या हाताला अशी सवय जडली होती की सहीने माप दुरुस्त होतं, असं त्यांना आतून वाटू लागलं होतं. त्यांनाच नव्हे, सगळ्यांना. शंका आली की सही घ्यायची, सही झाली की शंका गेली.

माझ्या कागदाचं त्यांनी तेच केलं. मला न सांगता मीटिंग बोलावली. साहेब, क्वालिटीचे ऑफिसर आणि परचेसचे, ज्यांचा अंगठा पानावर आधीच हजर होता. एकेका प्रश्नचिन्हाला त्यांनी डेव्हिएशन लावलं. आकड्यावर लिहिलं, "असेल ते ठेवा", इथपर्यंत ठीक. अकराव्या ओळीवर साहेब म्हणाले म्हणे, "यात शंका कसली? प्रेस बंद करताना रॅम रोज वरच ठेवतात. साचा काढायला-घालायला जागा राहते. वरच्या टोकालाच." क्वालिटीचे म्हणाले, बरोबर आहे. परचेसचे म्हणाले, बरोबर आहे. 'किंवा खालच्या. माहीत नाही' इथपासून शेवटपर्यंत लाल रेघ, शेजारी तीन सह्या. तिघांपैकी एकानेही भिंग लावून फोटो पाहिला नव्हता. तपासून बघायला यंत्रापाशी तर कोणीच गेलं नव्हतं.

मग कागद टायपिस्टकडे. तिचं काम सुबक, खाडाखोड तिला खपत नसे. तिने खुणांचा समासच काढून टाकला, कारण शंका मिटल्या होत्या, मग खुणा कशाला? सगळ्या ओळी एकाखाली एक, सारख्या, स्वच्छ. मला पक्कं दिसलेली ओळ, माझा अंदाज आणि साहेबांची सही, सगळे एकाच रांगेत उभे. सेलोफेनमध्ये घालून तो कागद प्रेसवर चिकटवला.

मला हे कळलं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या भोंग्याच्या जरा आधी. कारखान्यात फुलांच्या माळा चढत होत्या, यंत्रं पुसली जात होती, सगळीकडे झेंडूचा वास आणि तेलाचा वास. मी कशाला तरी खाली उतरले होते, बहुधा कंपनीच्या पूजेची यादी द्यायला. फोटोची फाईल काखेत होती, कारण जर्मनीच्या पत्राचा मसुदा मी त्यातच ठेवला होता. प्रेसवरचा तो कागद लांबून पाहिला आणि क्षणभर मला अभिमानच वाटला. काय छान टाइप केलंय. मग जवळ गेले. समास कुठाय? प्रश्नचिन्हं? अकरावी ओळ वाचली, "रॅम वरच्या टोकाला आणून ठेवावा", पूर्णविराम.

वाचून खाली पाहिलं तर फिटर गुडघे टेकून बसलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत रॅमच्या खाली, पत्ती घालून फट बघतोय. रॅम वरच्या टोकाला. आणि बाजूच्या शिडीवर त्याचा जोडीदार ब्रेकच्या बोल्टला पाना लावून उभा.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण टायपिस्ट नंतर म्हणाली की ते पहिल्या मजल्यावर ऐकू आलं. फिटरने हात झटकन बाहेर घेतले. साप दिसला असं त्याला वाटलं.

"काय वो बाई? घाबरलो की!"

"हात घालू नका. ती ओळ माझी नाही."

"तुमची न्हाई? मंग कुनाची?"

तेवढ्यात भोंगा झाला आणि साहेब डबा घेऊन त्यांच्या त्या खास चालीने आले. गर्दी पाहून थांबले. मी त्यांना विचारलं, माझं प्रश्नचिन्ह कुठे गेलं. ते म्हणाले, शंकेचं निरसन झालं आहे. मी म्हटलं, कोणी केलं? ते म्हणाले, तीन अधिकाऱ्यांनी. मी म्हटलं, तिघांना मिळून तरी ते अक्षर दिसलं का? आजूबाजूला माणसं जमली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि नोकरीचा विचार त्या आगीत कधीच जळून गेला होता.

"त्याच्यावर माझी सही आहे, बाई," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज थंड होता.

"मग त्या सहीच्या भरवशावर तुमची एखादी वस्तू तिथे ठेवा. त्यांचे हात कशाला? तुमचा डबा ठेवा."

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. त्या हसण्याने काम केलं. साहेब लालबुंद झाले, दोन पावलं पुढे आले आणि तो सासुरवाडीचा चार खणांचा डबा त्यांनी स्वतःच्या हाताने रॅमखाली, साच्याच्या मधोमध ठेवला. "घ्या. करा ढिला," शिडीवरच्या माणसाला म्हणाले. "सगळे लांब उभे राहा."

वीज तर बंदच होती, चाक थांबलेलं होतं. शिडीवरच्याने पाना फिरवला. ब्रेकचा पट्टा किंचित सुटला. काही झालं नाही. त्याने आणखी फिरवला. काही झालं नाही. रॅम जिथल्या तिथे. सगळे रॅमकडे बघताहेत, मीही बघतेय, आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकलो की काय? चारचौघांत साहेबांची अब्रू घेतली आणि आता आपलीच जाणार. साहेब हळूच हसले. "बघितलंत?" असं म्हणून त्यांनी डबा घ्यायला हात पुढे केला.

मला रॅमचं काही ज्ञान नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मला माहीत नाही. शिडीवरचा माणूस अजून पाना फिरवतच होता. साहेबांचा हात साच्यावर आला आणि मी काखेतली फाईल काढून त्यांच्या मनगटावर सणकन मारली. वर्क्स मॅनेजरला, सगळ्या कारखान्यादेखत. "अहो!" म्हणून त्यांनी हात मागे घेतला आणि वरचं ते सगळं धूड खाली आलं.

आवाज फार मोठा नव्हता. म्हणजे प्रेसच्या मानाने नव्हता. मग साच्याच्या कडेने पिवळी आमटी ओघळायला लागली. पाठोपाठ तेलाचा तवंग, मग एका भरल्या वांग्याचा देठ. डबा होता की नव्हता असा झाला होता.

नंतर आमच्या एका इंजिनिअरने मला समजावलं. रॅम अगदी वरच्या टोकाला असतो तेव्हा तो क्षणभर तोल सांभाळून उभा राहतो. ब्रेक पुरता सुटला आणि तो टोकावरून जरासा जरी ढळला की खाली येतो, कारण त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नसतं. खालच्या टोकाला असला तर पडायला जागाच नाही. पुढे दिवाळीनंतर जर्मनीहून पत्र आलं, सोबत त्या पानाची स्वच्छ प्रत. अकराव्या ओळीत 'खालच्या' होतं. अंतराचा तो आकडा मात्र तीनही नव्हता आणि आठही नव्हता, पाच होता. म्हणजे माझ्या शंकेवरही एक प्रश्नचिन्ह काढायला हवं होतं. आहे ते अंतर मोजून ठेवा असं लिहिलं होतं म्हणून निभावलं.

साहेबांबद्दल एक सांगायलाच हवं. मला वाटलं होतं की संध्याकाळी नोकरीवरून काढल्याचा कागद माझ्या हातात पडेल. त्यांनी मनगट चोळलं, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा हात जड आहे." मग कॅन्टीनमध्ये जाऊन त्यांनी गुमान मटार उसळ घेतली. त्या दिवसापासून कंपनीत डेव्हिएशनच्या चिठ्ठीवर सहीच्या शेजारी आणखी एक रकाना आला, 'कसे तपासले'. तो भरताना साहेबांना जे कष्ट पडत ते बघून मला त्यांची दया यायची, पण फार नाही.

त्याच दुपारी, साचा धुऊन झाल्यावर, फिटर वर माझ्या टेबलापाशी आला. प्रेसवरचा कागद त्याने खरवडून काढून आणला होता. सेलोफेनला आमटी लागली होती. तो कधी ऑफिसात येत नसे, बसायला सांगितलं तरी बसला नाही.

"बाई, ह्यात तुमचं किती अन् साहेबाचं किती, त्येवढं खुणा करून द्या."

मी लेखणी घेतली आणि त्या सुबक टाइप केलेल्या ओळींपुढे हाताने खुणा करत गेले. बरोबर, बरोबर, नागमोडी, प्रश्नचिन्ह. तो वाकून बघत होता. बरोबरच्या खुणा त्याने वाचल्याही नाहीत. "त्ये ऱ्हाऊ द्या, त्ये तुमाला ठाऊक हाय," म्हणाला, आणि प्रत्येक प्रश्नचिन्हावर बोट ठेवून विचारत गेला, हितं काय दिसतं, हितं कसं तपासायचं. मला इतके दिवस हवं होतं ते हेच होतं. मी एकेक उत्तर समासात लिहून देत गेले.

अकराव्या ओळीशी तो थांबला. आपले दोन्ही तळवे त्याने टेबलावर पालथे ठेवले, तेलाने काळे झालेले, सगळी बोटं जागेवर असलेले.

"मी हात घातलं तवा ही वळ अशीच हुती. पयल्या कागदात तुमी हितं काय लिवलं हुतं, पुन्यांदा सांगा."

"माहीत नाही, असं लिहिलं होतं."

मग त्याने कागद माझ्याकडे सरकवला.

"मंग त्येच लिवा," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात लिवा."